निफ्टी कॅलेंडर स्प्रेड: नोंदवही, ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५

४ ऑक्टोबर, शनिवार

बरेच दिवस डोक्यात होतं, आज सुरुवात केली. काम साधं आहे. एनएसईची रोजची एफअँडओ भावकॉपी, म्हणजे दिवसभराच्या भावांची फाइल, उतरवायची, प्रत्येक नावाचं निअर मंथ म्हणजे सगळ्यात आधी संपणारं आणि नेक्स्ट मंथ म्हणजे त्याच्या पुढच्या महिन्यात संपणारं फ्युचर काढायचं, नेक्स्टमधून निअर वजा करायचं आणि तो फरक, म्हणजे स्प्रेड, रोज लिहून ठेवायचा. हा फरक कधी रुंद होतो, कधी आक्रसतो आणि का, एवढंच शोधायचंय. ट्रेड करायचा की नाही ते नंतर बघू.

मंदार म्हणाला त्यात शोधायचं काय, एक्सपायरी जवळ आली की स्प्रेड कमी होत जातो, टाइम व्हॅल्यू संपते ना. मलाही तसंच वाटत होतं. बघू.

भावकॉपीचा फॉरमॅट जुलै २०२४ मध्ये बदललाय, त्यामुळे जुन्या फाइलींना वेगळा रीडर लागणार. नव्या फाइलींपुरतं हे चालतंय:

```python
f = df[df["FinInstrmTp"].isin(["IDF", "STF"])]
f = f.sort_values(["TckrSymb", "XpryDt"])
g = f.groupby("TckrSymb")
near = g.nth(0).set_index("TckrSymb")
nxt = g.nth(1).set_index("TckrSymb")
```

IDF म्हणजे इंडेक्स फ्युचर, STF म्हणजे स्टॉक फ्युचर.

११ ऑक्टोबर

मंदारचं आणि माझं दोघांचंही चुकलं. निफ्टीच्या ग्राफवर दोन रेषा काढल्या. एक निअर वजा कॅश, म्हणजे ज्याला सगळे प्रीमियम म्हणतात ती, आणि दुसरी नेक्स्ट वजा निअर. पहिली रेषा खरंच रोज थोडी थोडी वितळते आणि एक्सपायरीला शून्यावर येऊन बसते. दुसरी तशी वितळतच नाही, महिनाभर एका पट्ट्यात वरखाली करत राहते.

थोडा वेळ डोकं खाजवलं आणि मग लख्ख दिसलं. पुण्याहून नाशिकच्या एसटीत बसलोय, चाकणला पोचलो की नारायणगाव किती लांब हे दर मिनिटाला कमी होतं, पण नारायणगाव ते संगमनेर अंतर मी कुठेही असलो तरी तेवढंच. प्रीमियम म्हणजे पुढच्या थांब्यापर्यंतचं अंतर, स्प्रेड म्हणजे पुढच्या दोन थांब्यांमधलं. ऑक्टोबरचा काँट्रॅक्ट २८ तारखेला संपतो, नोव्हेंबरचा २५ला, मधले दिवस २८, आणि ते आज मोजा नाहीतर एक्सपायरीच्या आदल्या दिवशी मोजा, २८च.

म्हणजे स्प्रेड हे त्या मधल्या २८ दिवसांचं पैशाचं भाडं झालं. निफ्टी २६,००० धरला (गणितापुरता गोल आकडा, पुढेही हाच वापरणार) आणि व्याज वर्षाला ६ टक्के, तर

26000 × 0.06 × 28 / 365 = 119.7

साधारण १२० पॉइंट. मग बाजारात स्प्रेड १२० पेक्षा कमी किंवा जास्त का दिसतो हा खरा प्रश्न, आणि त्याला उत्तरं दोन-तीनच असणार.

१८ ऑक्टोबर

आजचा अख्खा दिवस डेटाने खाल्ला. काही स्टॉकमध्ये स्प्रेड इतका गुळगुळीत दिसत होता की संशयच आला, कोणत्याही खऱ्या बाजारातली रेषा एवढी शहाण्यासारखी वागत नाही. शोधत गेलो तर नेक्स्ट मंथचं SttlmPric म्हणजे सेटलमेंट भाव आणि ClsPric म्हणजे बंद भाव जुळत नव्हतं. कारण असं की रोजचा सेटलमेंट भाव हा शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांचा सरासरी भाव असतो, पण त्या अर्ध्या तासात सौदाच झाला नसेल तर क्लिअरिंगवाले कॅशच्या भावाला व्याज लावून सूत्राने भाव काढतात. म्हणजे मी बाजाराचा स्प्रेड समजून जे बघत होतो ते एक्सचेंजचं स्वतःचंच गणित होतं, आणि माझं गणित त्याच्याशी छान जुळतंय म्हणून मी खूश!

ClsPric वापरावा तर त्याचा उलटा त्रास. महिन्याच्या सुरुवातीला स्टॉकचं नेक्स्ट मंथ फारसं कोणी हात लावत नाही, शेवटचा सौदा दुपारी दीडला झालेला आणि निअरचा साडेतीनला, मधे शेअर एक टक्का हलला की तेवढा सगळा स्प्रेडमध्ये घुसतो. हा स्प्रेड नव्हे, दोन वेगळ्या वेळांचे भाव.

तोडगा म्हणून सध्या एवढंच केलंय की नेक्स्टचं TtlTradgVol, म्हणजे दिवसभराच्या सौद्यांचं प्रमाण, फार कमी असेल तो दिवस टाकून द्यायचा. निफ्टी, बँकनिफ्टी आणि मोठ्या पंधरा-वीस नावांना याने फरक पडत नाही, बाकीच्यांचे महिन्याचे पहिले दोन आठवडे जवळपास उडालेच.

२५ ऑक्टोबर

दिवाळीत काही काम झालं नाही, मुहूर्ताच्या दिवशी तासाभराचा बाजार बघितला आणि फराळ.

आता एक्सपायरीचा आठवडा, रोलओव्हर सुरू. इथे स्प्रेड पट्ट्यातून खरंच सरकतो आणि त्याचं कारण व्याजदर नाही, घाई आहे. ज्याच्याकडे ऑक्टोबरची लाँग, म्हणजे खरेदीची पोझिशन आहे आणि ती पुढे न्यायचीय तो ऑक्टोबर विकतो आणि नोव्हेंबर घेतो, एका बाजूला भाव खाली दाबतो आणि दुसरीकडे वर ढकलतो, म्हणजे स्प्रेड रुंद करतो. शॉर्टवाला, म्हणजे आधी विकून बसलेला, बरोबर उलटं करतो, ऑक्टोबर घेतो नोव्हेंबर विकतो, स्प्रेड आक्रसतो. प्रत्येक लाँगसमोर एक शॉर्ट असतोच, मग फरक का पडावा? पडतो, कारण दोघांना सारखी घाई नसते. ज्याला आजच पुढे जायचंय तो समोरच्याचा भाव स्वीकारतो.

स्टॉकमध्ये शॉर्ट बाजूला एक कायमचा गडी असतो, आर्बिट्रेज फंड. कॅशमध्ये शेअर घेऊन फ्युचर विकून बसलेले असतात, दर महिन्याला शॉर्ट पुढे नेतात. स्प्रेड हीच त्यांची कमाई, त्यामुळे ते खरं तर सावकार आहेत, लाँगवाल्याला महिन्याभरासाठी पैसे वापरायला देतात. कर्ज मागणारे जास्त झाले की भाडं चढतं, सावकारांकडे पैसा पडून असला की उतरतं. शिवाय ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्या स्टॉक डेरिव्हेटिव्हमध्ये डिलिव्हरी सक्तीची आहे, शेवटपर्यंत थांबलेल्या लाँगवाल्याला शेअरचे पूर्ण पैसे आणावे लागतात, ब्रोकरही शेवटचे काही दिवस मार्जिनसाठी मागे लागतो, म्हणून स्टॉकमधली घाई इंडेक्सपेक्षा आधी सुरू होते.

हे सगळं भावकॉपीवरून सिद्ध करता येत नाही हे मान्य. स्प्रेड रुंदावतोय आणि नेक्स्टचा ओपन इंटरेस्ट, म्हणजे उघड्या सौद्यांचा आकडा, वाढतोय म्हणजे लाँगना घाई, असं मी वाचतो, पण तो अंदाजच. एनएसई रोज पार्टिसिपंटवाइज ओपन इंटरेस्ट देते, त्यातून एफआयआय इंडेक्समध्ये लाँग आहेत की शॉर्ट हे कळतं, तेवढा एक पुरावा जोडून ठेवतोय.

२९ ऑक्टोबर, बुधवार

काल एक्सपायरी, आजची भावकॉपी येताच स्क्रिप्टने बोंब मारली, "निफ्टी स्प्रेड नेहमीच्या पट्ट्याबाहेर". एका रात्रीत ३० पॉइंटच्या आसपास उडी. बातमी शोधली, काही नाही. एफआयआय डेटा बघितला, काही नाही. मग कॅलेंडर बघितलं आणि स्वतःच्या टाळक्यात मारून घेतली.

आजपासून निअर म्हणजे नोव्हेंबर, संपणार २५ला. नेक्स्ट म्हणजे डिसेंबर, संपणार ३०ला. मधले दिवस ३५. डिसेंबरमध्ये मंगळवार पाच आहेत आणि एक्सपायरी शेवटच्या मंगळवारी, सप्टेंबरपासून एनएसईचा वार गुरुवारचा मंगळवार झालाय. तर तेच ६ टक्के ३५ दिवसांना लावले की

26000 × 0.06 × 35 / 365 = 149.6

आधीचे १२०, आताचे १५०. पैसा एक पैसाही महाग झालेला नाही, फक्त थांबे लांब आहेत. जो माणूस पॉइंटमध्ये स्प्रेडची सरासरी काढून "आज महाग आहे, विकू" म्हणेल तो दर तीन-चार महिन्यांनी या खड्ड्यात पडणार. मी कागदावर पडलो म्हणून स्वस्तात सुटलो.

२ नोव्हेंबर

पॉइंट सोडून दिले. आता सगळं वार्षिक टक्क्यात:

```
carry = (F2 - F1) / F1 * 365 / (T2 - T1) * 100
```

F1 निअरचा भाव, F2 नेक्स्टचा. T2 - T1 हे दोन एक्सपायरींमधले दिवस, आजपासूनचे दिवस नाहीत, हे कमेंटमध्ये मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं. ग्राफ एकदम माणसात आला. महिना बदलताना होणाऱ्या उड्या जवळपास गेल्या, आणि जे उरलं ते बघण्यासारखं आहे.

काकांना दाखवलं. ते नव्वदच्या दशकात फोर्टात एका सबब्रोकरकडे होते. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "अरे हा बदलाच की! तुम्ही नाव बदललंत." आणि मग अर्धा तास. तेव्हा सेटलमेंट संपताना ज्याला पैसे भरायचे नसायचे तो व्याज देऊन सौदा पुढच्या सेटलमेंटमध्ये ओढायचा, तो सीधा बदला. आणि शेअर विकून बसलेले इतके झाले की द्यायला शेअरच मिळेनात तर शॉर्टवालाच उलट पैसे मोजायचा, तो उंधा बदला. २००१च्या जुलैत बदला गेला, निफ्टी फ्युचर त्याच्या वर्षभर आधी, जून २००० मध्ये आलं होतं. काकांचं म्हणणं, दर शुक्रवारी की शनिवारी बदल्याचा दर बघितला की बाजारात किती उसनवारी चाललीय ते कळायचं, तुझा टक्का तेच सांगतोय. मला ही तुलना पटली, कारण उंधा म्हणजे आपला निगेटिव्ह स्प्रेड. मार्च २०२० मध्ये निफ्टी फ्युचर कॅशच्या खाली गेलं होतं तेव्हा भीतीने विकणारे फ्युचरमध्ये होते आणि कोणालाही उसनं घेऊन लाँग राहायचं नव्हतं.

नंतरची भर: पण निगेटिव्ह दिसला की उंधा, हे दर वेळी खरं नाही. ते पुढच्या रविवारी कळलं.

९ नोव्हेंबर

जुन्या फॉरमॅटचा रीडर चालला, मे २०२४ च्या फाइली टाकल्या, आणि वार्षिक टक्क्यानुसार सगळ्यात उणे नावं वर अशी यादी काढली. मे एक्सपायरीच्या आठवड्यात आयटीसी वरच. मे-जून स्प्रेड ठळक निगेटिव्ह. पहिला विचार काय तर शॉर्टवाल्यांनी गर्दी केलीय, निवडणुकीचा निकाल तोंडावर होता ना, ४ जूनला.

४ जूनलाच आणखी एक गोष्ट होती. आयटीसीच्या साडेसात रुपये अंतिम डिव्हिडंडची रेकॉर्ड डेट. टी प्लस वन आल्यापासून रेकॉर्ड डेट आणि एक्स डेट एकच. मे काँट्रॅक्ट ३० मे ला संपला, जून काँट्रॅक्ट २७ जूनला. म्हणजे डिव्हिडंड बरोबर दोन थांब्यांच्या मधे पडला. मे फ्युचर डिव्हिडंडच्या आधी संपतं, त्याला काही फरक नाही, पण जून फ्युचर ज्या शेअरवर सेटल होणार तो शेअर साडेसात रुपये देऊन हलका झालेला असणार, आणि फ्युचर धरणाऱ्याला डिव्हिडंड मिळत नाही. मग तो जूनला तेवढे कमीच देणार ना.

गणित असं. शेअर ४३० धरू, व्याज ७ टक्के, दिवस २८. भाडं झालं २.३० रुपये. त्यातून ७.५० वजा, स्प्रेड असायला हवा उणे ५.२०. आता समजा बाजारात तो उणे ४.२० आहे. डिव्हिडंड न धरता माझं सूत्र सांगणार वर्षाला उणे पावणेतेरा टक्के, म्हणजे घबराट. डिव्हिडंड परत मिळवला तर ७.५० − ४.२० = ३.३० रुपये, आणि तो होतो वर्षाला अधिक १० टक्के, म्हणजे लाँगवाले जास्त भाडं देऊन पुढे जातायत. एकाच आकड्याचे दोन अर्थ, एकमेकांच्या पूर्ण विरुद्ध!! हे दिसल्यावर चहा थंड झाला तरी उठलो नाही.

सूत्र आता असं:

```
carry = (F2 - F1 + D) / F1 * 365 / (T2 - T1) * 100
```

D फक्त तेवढाच डिव्हिडंड ज्याची एक्स डेट T1 नंतर आणि T2 पर्यंत आहे. हे "नंतर" किती काटेकोर आहे त्याचं उदाहरण नुकतंच होऊन गेलं. इन्फोसिसचा २३ रुपये अंतरिम डिव्हिडंड, रेकॉर्ड डेट २७ ऑक्टोबर, आणि एक्सपायरी २८ला. एका दिवसाने ऑक्टोबरच्या आत. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर दोन्ही फ्युचरनी तो सारखाच सोसला, त्यांच्या स्प्रेडमध्ये त्याचा मागमूस नाही. तो सगळा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या स्प्रेडमध्ये होता. रेकॉर्ड डेट दोनच दिवस पुढे असती तर २३ रुपये इकडच्या स्प्रेडमधून तिकडच्या स्प्रेडमध्ये गेले असते.

दोन भानगडी राहतात. एक म्हणजे मोठा डिव्हिडंड. शेअरच्या भावाच्या २ टक्के किंवा जास्त असेल तर एक्सचेंज फ्युचरचे भावच तेवढ्याने खाली आणून देतं, तिथे D धरायचा नाही, धरला तर दुप्पट मोजला. आयटीसीचे साडेसात म्हणजे ४३० वर पावणेदोन टक्के, थोडक्यात सुटला. पूर्वी ही रेषा आणखी वर होती, त्यामुळे जुन्या डेटाला आजचा नियम लावून चालणार नाही. दुसरी भानगड, डिव्हिडंड जाहीर व्हायच्या आधीचे दिवस. आयटीसीने २३ मे २०२४ ला जाहीर केला. त्याआधी बाजार अंदाजावर चालत होता, किती देतील आणि कोणत्या तारखेला. मी आज मागे वळून ७.५० घालतो तेव्हा त्या दिवशी कोणालाच माहीत नसलेला आकडा वापरतो. म्हणून जाहीर होण्याआधीच्या दिवसांना वेगळा रंग दिलाय, त्यांच्यावरून निष्कर्ष काढायचा नाही.

निफ्टीलाही हेच लागू आहे, फक्त पन्नास कंपन्यांचं मिळून. जून ते ऑगस्ट अंतिम डिव्हिडंड एकामागून एक येतात, तेव्हा स्प्रेड दरवर्षी आक्रसतो आणि दरवर्षी कोणीतरी त्याला मंदीचं लक्षण म्हणतो.

२३ नोव्हेंबर

मंदारचा प्रश्न, पैसे किती सुटतात? नोव्हेंबर-डिसेंबर स्प्रेड माझ्या हिशेबाने १५० हवा आणि १४० ला मिळाला तर घ्यावा का? २०२५ मध्ये फ्युचर विकताना एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा कर, ०.०२ टक्के, ऑक्टोबर २०२४ पासूनचा दर, २६,००० वर ५.२ पॉइंट. स्प्रेड घेताना एक पाय विकतो, सोडताना दुसरा, म्हणजे १०.४ पॉइंट एसटीटीतच गेले, ब्रोकरेज, स्लिपेज वेगळं. ७५ च्या लॉटला ७८० रुपये. म्हणजे ते १० पॉइंट आपल्यासाठी नाहीतच. ज्याला पोझिशन पुढे न्यायचीच आहे तो एकच पाय विकतो, त्यालाच ते परवडतात, आणि म्हणून स्प्रेड हिशेबापासून दहाएक पॉइंट दूर निवांत राहू शकतो, कोणी त्याला ओढून जागेवर आणत नाही.

शिवाय फेब्रुवारी २०२५ पासून इंडेक्समध्ये एक्सपायरीच्या दिवशी त्या दिवशी संपणाऱ्या काँट्रॅक्टला कॅलेंडर स्प्रेडची मार्जिन सवलत नाही. शेवटच्या दिवसापर्यंत धरून बसलात तर दोन्ही पायांचं पूर्ण मार्जिन. मंदार "मग राहू दे" म्हणाला.

६ डिसेंबर

काल आरबीआयने रेपो ५.५० वरून ५.२५ केला. मला वाटलं आता ग्राफवर पायरी दिसेल. गणित आधीच करायला हवं होतं. पाव टक्का, २८ दिवस (डिसेंबर ३० ते जानेवारी २७, परत २८ वर आलो), २६,००० वर जेमतेम ५ पॉइंट. एका पायाच्या एसटीटीएवढे. तेही बाजाराने आधी धरले नसतील तर. रोजच्या हलण्यात ते कुठे बुडाले ते मला सापडलं नाही.

तर तीन वर्षांचा स्टॉक डेटा भरेपर्यंत क्रम असा दिसतोय: स्टॉकमध्ये पहिला हात डिव्हिडंडच्या तारखेचा, मग दिवसांचा, मग घाईचा, व्याजदर सगळ्यात शेवटी. निफ्टीत दिवस आधी. डिव्हिडंडच्या तारखा सध्या हाताने भरतोय, तीस नावं झाली, २०२२ च्या मध्यापर्यंत मागे गेलो. त्यामागे २ टक्क्यांचा नियम बदलतो, तिथे थांबलोय.